नव्या साहेबांची मेल

नव्या ऑपरेशन्स हेडच्या नेमणुकीची मेल सगळ्या कंपनीला जायची होती, आणि तिच्यातला शेवटचा परिच्छेद मीच पाहून पक्का करावा, असं एचआरच्या मॅडमनी सुचवलं. बाई स्वभावाने चांगल्या, पण कोणाकडे काय मागावं याचं भान जरा कमी. त्या जागेसाठी मुलाखत मीही दिली होती.

आमची बियाण्यांची कंपनी, हेडऑफिस अकोल्याला. मी मूळची अमरावतीच्या शाखेत. आधीचे साहेब सोडून गेले तेव्हा त्यांचा प्रभार माझ्याकडे आला. नवरा आणि मुलगी अमरावतीत, मी सोमवार ते शुक्रवार अकोल्यात, बाबांकडे. आई गेल्यापासून बाबा एकटेच. लोकांना वाटायचं मला मोठी खुर्ची हवी आहे. खुर्ची कोणाला नको असते? पण खरं सांगते, मला हवी होती संध्याकाळ. ऑफिसातून आलं की बाबांनी टाकलेला चहा, आणि जेवताना त्यांचं माझ्या ताटाकडे बारीक लक्ष. लग्नानंतर माहेरी मी दोन दिवसांची पाहुणी होते. इथे मी पुन्हा त्या घरातली झाले होते.

मसुदा वाचला. पार्श्वभूमी ठीक होती: हैदराबादच्या बियाणे कंपनीत उत्पादन आणि प्रोसेसिंग प्लांट सांभाळलेले गृहस्थ. जबाबदारीही स्पष्ट: उत्पादन, प्लांट, गोदामं, डिस्पॅच. घोळ होता तो ‘टीमसाठी काय बदलेल’ या शेवटच्या परिच्छेदात. तिथे लिहिलं होतं, खरिपाचा डिस्पॅच संपेपर्यंत नवे साहेब आणि मी दोघे मिळून काम पाहू. मॅडम म्हणाल्या, नवे साहेब तयार आहेत, एमडींचीही हरकत नाही, तुम्हालाही बरं पडेल.

बरं पडणार होतं. खरिपाचा डिस्पॅच म्हणजे मृगापर्यंत. सगळा उन्हाळा मला अकोल्यात मिळत होता, आणि फक्त एक वाक्य तसंच राहू द्यायचं होतं.

मी हरखून ते बाबांना सांगितलं. बाबा शिक्षक होते. सगळ्यांना मेल गेल्याशिवाय कोणाशी बोलू नये हे मला माहीत होतं, पण बाबांना मी कुठल्या नियमात धरत नाही. त्यांनी ऐकून घेतलं आणि विचारलं, “मंग प्लांटवाले कोणाले इचारतीन?”

“दोघांपैकी कोणालाही,” मी म्हणाले.

“म्हंजे तुलेच. तुह्या ओळखीचे हायेत ते.”

आणि ते पोळी वाढायला उठले. ते म्हणत होते तसंच होणार होतं. ऐन गर्दीत बियाण्याचा कोणता लॉट आधी सुटायचा यावरून भांडण झालं की फोन मला येणार, आणि नवा माणूस स्वतःच्याच केबिनमध्ये पाहुण्यासारखा बसणार. प्रभार घेतला तेव्हा माझंही तसंच झालं होतं. आधीच्या साहेबांना लोक फोन करून विचारायचे आणि मला उत्तर सांगायचे.

सकाळी मी वाक्य बदललं. साहेब रुजू होतील त्या दिवसापासून प्लांट, गोदामं आणि डिस्पॅचचे सगळे निर्णय त्यांचे. तोवर मंजुरी माझ्याकडे. त्यानंतर आठवडाभर मी कामाची माहिती देईन आणि अमरावती शाखेच्या कामावर परत जाईन. मॅडमनी दोनदा विचारलं, नक्की ना? मी हो म्हटलं आणि मग बाथरूममध्ये जाऊन तोंड धुतलं. मला त्या माणसाचा राग आला होता. बिचाऱ्याने माझं काहीच बिघडवलं नव्हतं.

नियमाप्रमाणे आधी प्लांट आणि गोदामांच्या प्रमुखांना समोर बसवून सांगितलं. मग एमडींच्या नावाने मेल गेली, आणि मेल न पाहणाऱ्यांसाठी मराठी मेसेज मी व्हॉट्सॲपवर टाकला. मेसेजात प्रभार सांभाळल्याबद्दल माझे आभार होते. ते मॅडमनी घातलेले.

संध्याकाळी बाबांनी तो मेसेज चष्मा लावून पूर्ण वाचला. “चांगलं लिवलं,” म्हणाले. “कोणाले काई इचाराची गरज नाई.” मग त्यांनी माझ्या खोलीच्या खिडकीकडे पाहिलं. होळी होताच त्यांनी तिथल्या कूलरला वाळ्याच्या नव्या ताट्या बसवून घेतल्या होत्या. त्यांच्या स्वतःच्या कूलरच्या ताट्या मागच्याच वर्षीच्या होत्या.

मी अमरावतीला आले. नवे साहेब चांगले निघाले. प्लांटमधून मला आता फोन येत नाहीत, आणि त्याचं वाईट वाटतं हे मी कोणाला सांगत नाही.

वैशाखात एका दुपारी बाबांना फोन केला. मागे कूलरची घरघर इतकी येत होती की बोलणं ऐकू येईना. मी म्हटलं, तुमचा कूलर एवढा आवाज कधीपासून करायला लागला?

“माहा नाई, तुह्या खोलीतला हाय.”

“तिथे झोपता का आता?”

“नाई वो माय. मी इकडंच हाओ. दुपारी थोडा लावतो. तुही खोली लय तापते.”