आईच्या नावावरचं व्याज

आयकर खात्याची नोटीस आली तेव्हा आई अंगणात कोहळ्याच्या वड्या घालत होती. पोस्टमनने तिच्यासमोर पाकीट धरलं, तिनं कोपरानंच खाटेकडे खूण केली आणि उरलेल्या वड्या घालून संपवल्या. संध्याकाळी मला फोन. "सरकारनं मले चोर म्हटलं वो. तू ये."

मी गोंदियाजवळ फुलचूरला राहते आणि शाळेत शिकवते. आई चिचगडला. तिथल्याच आरोग्य केंद्रात ती नर्स होती, निवृत्तीनंतरही गाव सोडलं नाही. लोकांच्या पोरांना जगात आणणारी बाई. गावातले अर्धे लोक तिच्यापुढे मान वर करत नाहीत, आणि याचा तिला फार अभिमान.

मी गेले, नोटीस वाचली. आई दरवर्षी विवरणपत्र भरायची, पण त्यात फक्त पेन्शन असायची. कर्मचाऱ्यांच्या पतसंस्थेतल्या मुदतठेवींवर आणि पोस्टाच्या मासिक योजनेवर मिळालेलं व्याज तिनं कधी दाखवलंच नव्हतं. खात्यानं पतसंस्थेकडून ठेवीदारांची माहिती मागवली आणि आईचं नाव वर आलं. आता तीस दिवसांत नोटिशीतल्या वर्षाचं विवरणपत्र नव्यानं भरायचं होतं.

"व्याज दाखवलं काऊन नाही?" मी विचारलं.

"त्यावर कर असता तं त्यायनं कापलाच असता नं! पेन्शनीतून कापते, म्हणून मी दाखवतो. इथं कोनी कापला नाही, मंग माह्यं काय चुकलं?"

हे शास्त्र एकट्या आईचं नव्हतं. आमच्याकडे सगळ्या पगारदार माणसांची हीच समजूत. पतसंस्था सभासदांच्या व्याजातून कर कापत नाही, पोस्टही त्या योजनेत कापत नाही, म्हणजे तो पैसा करातून सुटला. माझ्या शाळेतले दोन गणिताचे सरही असंच समजून होते, त्यांची नावं घेत नाही.

गोंदियातले वकील नोटीस पाहून हसले. "माताजी, टैक्स काटा नहीं, इसका मतलब माफ हो गया, ऐसा नहीं होता." आई त्यांच्यावर इतकी रागावली की त्यांनी मागवलेला चहा तिनं घेतला नाही. मी तिचाही घेतला.

पण खरी गंमत पुढे होती. व्याजाचा आकडा बघून मीच चक्रावले. एवढी ठेव आईकडे कुठून?

"माही थोडीच हाये सगळी," आई म्हणाली आणि चपला घालून निघाली.

घरी आल्यावर तिनं पावत्या काढल्या. पतसंस्था फक्त सभासदांची ठेव घ्यायची आणि व्याज बँकेपेक्षा जरा बरं द्यायची. म्हणून गावातल्या बायका मोहफुलांचे, तेंदूपत्त्याचे, शिवणकामाचे पैसे आईकडे आणून द्यायच्या. आई ते आपल्या नावानं ठेवायची. प्रत्येकीची पावती वेगळी, आणि वारस म्हणून त्या त्या बाईचं नाव. "मी मेली तं त्यायचे पैसे बुडू नये," एवढाच तिचा हिशोब. या ठेवींची घरच्या पुरुषांना खबर नव्हती. हाच तर त्या ठेवींचा उपयोग होता.

पावत्या घेऊन पुन्हा गेलो तेव्हा वकिलांनी नीट समजावलं. आईचं स्वतःचं व्याज दाखवायचं, त्यावर कर आणि उशिराचं व्याज भरायचं, त्याला पर्याय नाही. बायकांचं उत्पन्न मात्र करपात्र मर्यादेच्या फार खाली. पैसे आमचे आहेत असं त्यांनी प्रतिज्ञापत्रावर लिहून दिलं आणि आयकराच्या साहेबांनी मानलं, तर त्यांच्या वाट्याचा कर आईला पडणार नाही. नाही दिलं, तर सगळं व्याज आईचंच धरलं जाईल.

"मंग माह्यंच धरा," आई म्हणाली.

"आई!"

"त्यायनं विश्वासानं देल्लं. मी कचेरीत जाऊन त्यायची नावं घेऊ? त्या सट्टापट्टीवाल्याची बायको पोरीच्या नर्सिंगसाठी जमवून राहिली. त्याले मालूम पडलं तं दोन दिवसात आकड्यावर लावून उडवून टाकीन. मी माही ठेव मोडतो न भरतो."

मला तिचा अभिमान वाटला आणि त्याहून जास्त संताप आला. ती ठेव तिच्या म्हातारपणाची होती. मोठेपणा करायचा, पण आजारी पडल्यावर कुणाच्या तोंडाकडे बघायचं? दुसऱ्या दिवशी ती दळण आणायला गेली तेव्हा मी त्या बायकांना घरी बोलावलं आणि सगळं सांगून टाकलं. सही करा असं म्हटलं नाही. फक्त म्हटलं, "नर्सबाई तुमच्यापायी स्वतःची ठेव मोडून राहिली." आई परत आली तेव्हा अंगण भरलेलं होतं. ती माझ्याशी आठवडाभर धड बोलली नाही. मी आजही त्याबद्दल माफी मागायला तयार नाही.

बायका एकेक करून तयार झाल्या. सट्टापट्टीवाल्याची बायको तेवढी त्या दिवशी होकार न देताच निघून गेली. आई म्हणाली, तिचं नाव कुठंच घ्यायचं नाही, तिचं व्याज मी माझ्यात धरते.

सुनावणीच्या दिवशी त्या सगळ्या नव्या लुगड्यांत गोंदियाच्या कचेरीत हजर झाल्या. वकील घाबरले, त्यांना वाटलं मोर्चा आला. नोटरीकडे सह्या चालल्या होत्या तेवढ्यात सट्टापट्टीवाल्याची बायकोही आली. मागून तिचा नवरा. "कायले आलीस थे तं सांग," असं तो वाटभर विचारत आला होता. ती सही करून सरळ साहेबांसमोर जाऊन उभी राहिली. तो दारातच थांबला.

साहेब परप्रांतातले, पण शांत माणूस. पावत्यांवरची वारसांची नावं त्यांनी प्रतिज्ञापत्रांशी ताडून पाहिली. मग तिला विचारलं, "ये पैसा किसका है?"

"माहा हाये साहेब. म्या कमावलेला. पोरीच्या शिक्षणासाठी ठेवला."

तिचा आवाज बारीक होता, पण दारापर्यंत पोचला. आईनं डोळ्यांना पदर लावला, आणि मीही.

महिनाभरानं आदेश आला. बायकांच्या वाट्याचं व्याज आईच्या उत्पन्नातून वगळलं होतं. आपलं व्याज आईनं नव्या विवरणपत्रात दाखवून कर भरला होता, म्हणून दंडाची गोष्ट पुढे गेली नाही. कर भरताना ती वकिलांना म्हणाली, "यापुढं कोनी नाई कापला तरी मी सांगत जाईन." आणि त्या दिवशी तिनं चहा घेतला.

पण माझ्यापुरता निकाल लागला तो सुनावणीच्याच दिवशी, एसटी स्टँडवर. मी सगळ्यांना सोडायला गेले होते. बाकीच्या बायका नळावर पाणी प्यायला गेल्या. तो नवरा बराच वेळ बायकोच्या बाजूला चुळबुळत उभा होता. शेवटी हळूच म्हणाला, "किती हायेत?"

तिनं आधी पिशवी खांद्याला लावली, मग त्याच्याकडे पाहिलं.

"तुमाले काऊन पायजे?"

आणि ती चिचगडकडे जाणाऱ्या देवरीच्या गाडीत चढली. तो मागोमाग चढला, आणि दोघांचं तिकीट त्यानं काढलं.