रसवांगी एक्केचाळीसवर

माझे घरमालक जयतीर्थराव उभ्याने जेवतात. ओट्यापाशी, ताट हातात धरून, कुणी कुठल्याही क्षणी सांबार मागेल अशा तयारीत. चेन्नईत मैलापूरला त्यांच्या वरच्या मजल्यावर मी भाड्याने राहायला आले तेव्हा मला वाटलं, घरात टेबल नसेल. टेबल आहे, चांगलं सागवानी आहे, पण त्यावर कॉम्प्युटर बसलेला असतो.

मी मूळची साताऱ्याची. पेरुंगुडीच्या एका कंपनीत सॉफ्टवेअर कसं वापरावं याची पुस्तकं लिहिते, जी कुणी वाचत नाही. जयतीर्थराव तंजावरकडचे मराठी. पहिल्याच दिवशी मी त्यांना काका म्हणाले, तर मामा म्हण असा हुकूम झाला, तेव्हापासून मामा. शहराबाहेर आवडी नावाच्या गावी एका कारखान्यात, ड्रॉइंग ऑफिसात त्यांची नोकरी झाली. तिथे प्रत्येक नकाशावर 'एकूण बारापैकी तिसरा' असं लिहावंच लागे. त्यामुळे दोन कागदांवर एकच नंबर दिसला की मामांचं ब्लडप्रेशर वाढतं. दुधाच्या पिशव्यांवर नंबर नसतात हे आपलं नशीब.

मामांना या जगात एकच माणूस आहे, त्यांची मोठी बहीण राजसबाई, म्हणजे अक्का. आईवडील लवकर गेले. अक्का लग्नकार्यांत स्वयंपाक करायची आणि हाफपँटीतले मामा पंगतीत वाढायचे. पुढे नोकरी लागली, मामी आल्या, मामी गेल्या, तरी रविवारच्या पंगती सुटल्या नाहीत. अक्का आता ऐंशीच्या घरात आहे आणि ट्रिप्लिकेनला एकटी राहते. दर शुक्रवारी ती रिक्षाने येते, मांडीवर रसवांगीचा डबा घेऊन. वांग्यात डाळ आणि धने-खोबऱ्याचं वाटण घालून करतात ती ही भाजी, आणि मी ती खाल्ल्यापासून साताऱ्याच्या भरल्या वांग्याबद्दल बढाया मारणं सोडलं आहे. मामांचा आठवडा शुक्रवारी सुरू होतो आणि शुक्रवारीच संपतो.

झालं असं की त्यांच्या तंजावरी मराठी मंडळाने पाककृतींचं पुस्तक काढायचं ठरवलं. कागदावर नाही, फोनवर. नातवंडं परदेशात, त्यांना डांगर करायचं असेल तर बोट लावताच डांगर यावं, अशी कल्पना. प्रत्येक घराने आपला एक अध्याय नातवाकडून टाइप करून पीडीएफ पाठवायची, आणि मामांनी सगळ्या एकत्र जोडायच्या. मंडळाच्या अध्यक्ष विद्युलताबाई. त्यांचा अध्याय पायसांचा, म्हणजे खिरींचा.

फायली आल्या आणि मामांचं डोकं फिरलं. प्रत्येक अध्याय पृष्ठ एकपासून सुरू होत होता. मामांच्या मते ही अराजकता होती. त्यांनी फायली जोडल्या, प्रत्येक पृष्ठाच्या तळाचा जुना आकडा पांढऱ्या चौकोनाने झाकला आणि त्यावर नवा आकडा छापला, सलग. प्रत्येक अध्यायाला बुकमार्क केला. सुरुवातीला अनुक्रमणिका घातली आणि तिच्या प्रत्येक ओळीवर दुवा बसवला.

मग अनुक्रमणिका एका पृष्ठात मावेना, दोन झाली, आणि पुढचा प्रत्येक आकडा एकाने चुकला. दुवे शहाणे, त्यांनी आपापलं पृष्ठ सोडलं नव्हतं. पण ओळीत लिहिलेलं चाळीस आणि उघडणारं एक्केचाळीस, हे मामांना सहन होण्यासारखं नव्हतं. मी सुचवलं की सुरुवातीच्या पृष्ठांना क, ख, ग द्या आणि एक हा आकडा पहिल्या पाककृतीपासून धरा, म्हणजे अनुक्रमणिका कितीही फुगली तरी पुढे धक्का लागणार नाही. मामांनी माझ्याकडे असं पाहिलं की कंपनीत पगारवाढीच्या वेळीसुद्धा माझ्याकडे कुणी तसं पाहिलं नव्हतं.

क्रम त्यांनी केळीच्या पानावरचा धरला. तिथल्या पद्धतीने पानावर आधी थेंबभर पायस वाढतात, म्हणून विद्युलताबाई पृष्ठ एकवर, मग पच्चडी, म्हणजे तिथली कोशिंबीर, मग भाज्या. अक्काची रसवांगी आली एक्केचाळीसवर. सगळं कसं सरळ, नकाशासारखं. मामांनी नमुना मंडळाच्या ग्रुपवर टाकला आणि समाधानाने उभ्या उभ्या दहीभात खाल्ला.

दुपारपासून फोन सुरू झाले. फायली सुट्या होत्या तोवर प्रत्येक घर पहिलं होतं, हे आमच्या दोघांच्याही ध्यानात आलं नव्हतं. आता जो तो विचारू लागला की आमच्या अध्यायावर ठळक एक लिहिला होता, तो पुसला कुणी? लोणच्यांच्या घराला शहाऐंशीवर फेकल्याचं दुःख होतं. पिठल्याच्या घराला पच्चडीच्या मागे बसणं जमणार नव्हतं. विद्युलताबाई तेवढ्या म्हणाल्या की पुस्तक उत्तम झालं आहे, यात काडीचाही बदल करू नये.

अक्काचा फोन सगळ्यात शेवटी आला. मामांनी तो स्पीकरवर घेतला होता, कारण त्यांना फोन कानाला लावून हात बांधून घेणं आवडत नाही.

"तीर्था, एक्केचाळीस का रे?" अक्का म्हणाली. "पायस कोण वाढतं आधी? मीठ वाढतात. त्या विद्युलतेला पायस ढवळायला मी शिकवलं. माझा अध्याय काढ. आणि शुक्रवारी मज होणार नाही यायला."

मामांनी 'सेरी अक्का', म्हणजे बरं, एवढं म्हटलं आणि फोन ठेवला. मग ते पडद्यावरच्या एक्केचाळीसकडे वळले. ऐंशीची बहीण एकदा रुसली की समजूत काढायला वेळ तरी किती उरतो, एवढं ते बोलले. मला त्यांची फार दया आली, आणि दया आली की मी हुशारी करायला जाते.

माझी हुशारी अशी होती. पीडीएफ उघडताना कुठलं पृष्ठ दाखवायचं हे फाइलमध्येच ठरवून ठेवता येतं. मग प्रत्येक घराला तेच पुस्तक पाठवायचं, पण वेगळी प्रत. अक्काची प्रत रसवांगीवर उघडेल, लोणच्यांची लोणच्यावर. क्रम तोच, आकडे तेच, पण डोळ्यांसमोर आधी आपलंच घर. मामांच्या कॉम्प्युटरवर ते इतकं सुरेख चाललं की आम्ही कॉफी केली.

प्रती घरोघरी गेल्या. फोनवर त्या उघडल्या त्या थेट मुखपृष्ठावर, आणि मुखपृष्ठामागून विद्युलताबाईंचं पायस. फाइलमधली ती सूचना कॉम्प्युटर पाळतो, पण फोनवरची बहुतेक अ‍ॅपं तिला विचारत नाहीत. हे मला ठाऊक असायला हवं होतं, कारण माझा पगार त्यासाठीच आहे. भरीला मामांनी फायलींना नावं दिली होती: 'रसवांगी घराची प्रत', 'लोणचे घराची प्रत'. दोन बायका पार्थसारथीच्या देवळात भेटल्या, त्यांनी फोन ताडून पाहिले, आणि मामा घराघराला वेगळं पुस्तक देतात अशी बातमी ट्रिप्लिकेनभर झाली. त्या शुक्रवारी रिक्षा आली नाही. मामांनी मेसवरून डबा मागवला आणि त्यातलं वांगं काढून बाजूला ठेवलं.

दुसऱ्या दिवशी मी खाली आले तर टेबलावरून कॉम्प्युटर हटला होता आणि तिथे मोठा कागद ताणून बसवला होता. मामा पेन्सिलीने चित्र काढत होते. केळीचं पान, शिरांसकट, आणि त्यावर वाढलेलं सगळं जेवण. प्रत्येक पदार्थाशेजारी बारीक अक्षरात नाव आणि पृष्ठाचा आकडा.

मामांचं म्हणणं एवढंच होतं की ओळीत लिहिलं तर कुणी तरी वर आणि कुणी तरी खाली येणारच, पण पानावर वाढलेलं असताना पच्चडीने कधी रसवांगीशी भांडण केलं आहे का? प्रत्येकाची जागा ठरलेली आहे. अनुक्रमणिका म्हणजे हे पान. हे चित्र फाइलमध्ये घालायचं आणि प्रत्येक पदार्थावर न दिसणारा चौकोन आखून त्याला दुवा द्यायचा, की लोणच्याला बोट लावलं की लोणचं. बुकमार्क मात्र एकाखाली एकच राहणार होते, पण ते बाजूच्या पट्टीत असतात आणि मंडळातली एकही बाई ती पट्टी उघडणार नाही, याची आम्हा दोघांना खात्री होती.

आणि पृष्ठ एक? त्यावर मामांनी मीठ ठेवलं. एक पृष्ठाचा अध्याय, कुठल्याच घराचा नाही: मीठ किती, कधी घालावं, जास्त झालं तर काय करावं. मग बाकीचे सगळे आकडे एकाने पुढे गेले आणि रसवांगी झाली बेचाळीस. पांढरे चौकोन, नवे आकडे, चित्रावरची नावं, सगळं पुन्हा. या वेळी प्रत एकच केली. ती ग्रुपवर टाकण्याआधी मी अक्काच्या फोनवर पाठवली, मामांना न विचारता.

अक्का मंगळवारी आली. शुक्रवार नव्हता, तरी मांडीवर डबा होता. ती खुर्चीत बसली, फोन डोळ्यांपासून लांब धरला आणि पानावरच्या रसवांगीला बोट लावलं. बेचाळीस उघडलं. पृष्ठाच्या कोपऱ्यात मामांनी परत पानावर जाण्याचा दुवा ठेवला होता, तो तिने दाबला. पुन्हा रसवांगी, पुन्हा परत. मग मीठ उघडून सगळं वाचलं. मामा ओट्यापाशी हात पुसत उभे होते, हात कोरडे असून.

"चुकलास, तीर्था," अक्का म्हणाली.

मामांनी घाबरून विचारलं की कुठला आकडा चुकला.

"आकडे अस्के बरे आहेत, एकूण एक. पान उलटं आहे. शेंडा जेवणाऱ्याच्या डाव्या हाताला येतो. तुझा उजवीकडे गेला, आणि भाजी खाली, भात वर."

मामा चष्मा वर करून बघत राहिले. आयुष्यभर नकाशे काढलेला माणूस, बाजू चुकणार नाही. आणि ते चुकलेही नव्हते. समोर उभं राहून वाढणाऱ्याला पान जसं दिसतं, अगदी तसंच त्यांनी ते काढलं होतं. मीही ते दहा वेळा पाहिलं होतं आणि मला काही खटकलं नव्हतं.

अक्काच्याही ते लक्षात आलं असावं, कारण तिचा आवाज खाली आला. "माझ्याच पंगती रे सगळ्या," ती म्हणाली. "मी एकदा तरी तुला जेवायला बस म्हणायला हवं होतं."

मामा घाईने कॉम्प्युटरकडे वळले. नुसतं चित्र फिरवून भागणार नाही, चौकोन जागच्या जागीच राहतील, रसवांगीला बोट लावलं की भात उघडेल, चित्र नव्याने काढून सगळे दुवे परत आखायला हवेत, असं ते भराभर मला सांगू लागले. अक्काने त्यांच्या दंडाला धरलं आणि सागवानी टेबलाशी बसवलं. मी कीबोर्ड उचलला, कारण दुसरं काही सुचेना. मागच्या अंगणातून पान आलं, धुतलं, शेंडा डावीकडे करून मांडलं. मामा दोन्ही हात मांडीवर ठेवून पाहुण्यासारखे अवघडून बसले, आणि त्यांचे डोळे भरून आले ते त्यांनी लपवलं नाही.

अक्काने डब्यातून एक छोटी वाटी काढली आणि सगळ्यांत आधी, मिठाच्याही आधी, पानाच्या कोपऱ्यात थेंबभर पायस वाढलं. ही गोष्ट विद्युलताबाईंना अजून कुणी सांगितलेली नाही.