जावईबापूंच्या ‘मैत्रिणी’चं गणित

आमच्या घरी जावयाला चुकलात असं म्हणायची पद्धत नाही. भाजीत मीठ कमी पडलं तर आमची चूक आणि जास्त पडलं तरी आमचीच. मी जन्मभर मुलांना गणित शिकवलं, चुकलेल्याचे कान उपटले, पण जावई दारात आले की माझ्या तोंडाला आपोआप कुलूप लागतं.

एक दिवस मुलीचा फोन आला.

“आई, माझ्या एका मैत्रिणीला गणित अडून राहिलं. फोटो पाठवते. नीट पायरीपायरीनं लिहून दे न.”

“कोणती मैत्रीण?”

“आहे एक. तू ओळखत नाहीस.”

फोटो आला. पुस्तकाचं पान तिरपं, एका कोपऱ्यावर चहाचा डाग, आणि पान दाबून धरलेली जाडजूड बोटं. एका बोटात लग्नात आम्हीच घातलेली अंगठी. ती आता साबण लावूनही निघत नाही, हे अख्ख्या खानदानाला ठाऊक आहे.

जावईबापू आयुध कारखान्यात आहेत. खात्याची बढतीची परीक्षा दोनदा हुकली होती आणि ही शेवटची संधी होती. जो पोरगा यांच्याकडून काम शिकला, तो परीक्षा पास होऊन यांचाच साहेब झाला होता. तेव्हापासून ते आमच्याकडे आले की मान खाली घालून जेवायचे आणि टीव्हीकडे बघत बसायचे. मला त्यांचं फार वाईट वाटायचं. पण जावयाला सासूकडून शिकवणी? तो विषय त्यांच्या महाराजपुराहून आमच्या विजय नगरापर्यंत येता येता रस्त्यातच मेला असता. त्यापेक्षा मैत्रीण बरी.

प्रश्न सोपा होता. अ एक काम बारा दिवसांत करतो, ब अठरा दिवसांत. दोघांनी मिळून चार दिवस काम केलं, मग अ निघून गेला. उरलेलं काम ब किती दिवसांत करील? खाली पेन्सिलीनं मैत्रिणीचा प्रयत्न होता: १२ + १८ = ३०.

म्हणजे एकटा माणूस बारा दिवसांत जे उरकतो, त्याला मदतनीस दिला की तीस दिवस लागतात! सरकारी खात्यात असं होतं हे मान्य, पण गणितात होत नाही.

मी तीन ओळींत उत्तर लिहून फोटो पाठवला. एका दिवसाचं काम एक-बारांश अधिक एक-अठरांश, म्हणजे पाच-छत्तिसांश, आणि पुढे उत्तर आठ दिवस. मला वाटलं, झालं काम.

मुलीचा निरोप आला, “मैत्रीण विचारून राहिली, पाच-छत्तिसांश कुठून आलं?”

मी अपूर्णांकांची बेरीज उलगडून पाठवली. पुन्हा निरोप, “मैत्रीण म्हणते, बेरीज समजली. पण ही बेरीज करायची काहून?”

माझं डोकं सणकलं. वर्गात असते तर खडू फेकला असता. मग चहा केला, प्याले, आणि डोकं थंड झाल्यावर माझ्या लक्षात आलं की प्रश्न अगदी बरोबर आहे. मी हिशेब दाखवला होता, पण तो का करायचा ते सांगितलंच नव्हतं. ते मला इतकं सवयीचं होतं की कागदावर उतरलंच नाही.

मी नवा कागद घेतला आणि मनात कारखाना आणला.

“समजा, काम म्हणजे ३६ पेट्या ठोकायच्या आहेत. अ बारा दिवसांत ठोकतो, म्हणजे रोज ३. ब अठरा दिवसांत, म्हणजे रोज २. दिवसांची बेरीज करायची नाही, कारण दोघं एकाच दिवशी ठोकतात. बेरीज पेट्यांची करायची. रोज ५. चार दिवसांत २०. उरल्या १६. आता अ घरी गेला. ब एकटा रोज २, म्हणून १६ भागिले २, आठ दिवस. ताळा: अ चार दिवस राबला, १२ पेट्या. ब एकूण बारा दिवस, २४ पेट्या. मिळून ३६. जमलं.”

प्रत्येक ओळीसमोर मी ‘काहून?’ लिहिलं आणि त्याचं उत्तरही लिहिलं.

तरी निरोप आलाच. “छत्तीसच काहून?”

या वेळी मला राग आला नाही, उलट आनंदच झाला. मी लिहिलं, “कारण ३६ ला १२ नंही भाग जातो आणि १८ नंही. शंभर घेतल्या तरी उत्तर तेच येईल, पण अ ला रोज आठ पेट्या आणि वर पेटीचा एक तुकडा ठोकावा लागेल.”

पुढचे काही आठवडे मैत्रीण जोमात होती. मी एक गणित सोडवून दाखवायचे, तसंच दुसरं आकडे बदलून द्यायचे. उत्तरांचे फोटो यायचे, अंगठीसकट. जावईबापू रविवारी जेवायला आले की आम्ही दोघं हवापाण्यावर बोलायचो. मुलगी ताटात बघून हसू दाबायची.

परीक्षेच्या आदल्या आठवड्यात मी शेवटचा नमुना पाठवला. अ वीस दिवसांत, ब तीस दिवसांत, सहा दिवस दोघं मिळून, मग ब निघून जातो. पेट्या ६०, अ रोज ३, ब रोज २, सहा दिवसांत ३०, उरल्या ३०. कुकरची शिट्टी होत होती, दारात भाजीवाले भैया ओरडत होते. मी लिहून टाकलं: ३० भागिले २, पंधरा दिवस.

संध्याकाळी माझाच कागद परत आला. फोटोत शेवटच्या ओळीभोवती लाल गोल, जसा मी जन्मभर मुलांच्या वह्यांत काढला तसा. बाजूला लिहिलं होतं: “ब तर निघून गेला. मग २ नं भागिलं काहून? अ एकटा १५ दिवस ठोकत राहिला तर पेट्या ७५ होतात. ऑर्डर ६० चीच आहे. उत्तर १० दिवस.”

मी तो फोटो मोठा करकरून पाहिला. माझ्या कागदावर लाल गोल! रागानं कान तापले आणि त्याच वेळी डोळ्यांत पाणी आलं. ताळा करून माझी चूक धरणाऱ्याला आता कोणी नापास करू शकणार नव्हतं. मुलीला एवढंच कळवलं, “मैत्रिणीला सांग, शिकवणी संपली.”

निकाल लागला त्या रविवारी जावईबापू कमानिया गेटजवळून खोव्याची जिलेबी घेऊन आले. आल्या आल्या मुलगी म्हणाली, “आई, माझी मैत्रीण पास झाली!”

“अच्छा! हुशार आहे पोरगी,” मी म्हटलं.

जावईबापू टीव्ही न लावता जेवायला बसले. मी वाढत होते. मुलगी पाणी आणायला आत गेली तेव्हा त्यांनी मान वर केली.

“आई,” ते हळूच म्हणाले, “पेट्या साठच होत्या न?”

“साठच होत्या,” मी म्हटलं. “चुकलं माझं.”

जावयासमोर हे वाक्य मी हजारदा बोलले असेन, पण ते पहिल्यांदाच खरं होतं. ते मोठ्यानं हसले आणि जिलेबीसाठी ताट पुढे केलं.