सातच्या शाळेतलं गणित

आमच्या शाळेला इमारत एकच होती आणि पोरी दुप्पट, म्हणून शाळा दोन पाळ्यांत भरायची. सकाळी सातला हायस्कूलच्या मोठ्या मुली, दुपारी बाराला पहिली ते चौथीची चिल्लीपिल्ली. हे कुणी ठरवलं ते मला माहीत नाही. कारण मात्र सगळ्यांना तोंडपाठ होतं: मोठ्या मुलींना लवकर उठायची सवय लागली पाहिजे, लहानांना झोपू द्यावं. ऐकायला किती शहाणपणाचं वाटतं. आज इतक्या वर्षांनीही ते आठवलं की माझी तळपायाची आग मस्तकात जाते.

कारण आमच्या घरातली लहानं सकाळी झोपतच नव्हती. राजारामपुरीतल्या आमच्या दोन खोल्यांत माझी सात वर्षांची बहीण उजाडायच्या आत टक्क जागी असायची आणि आईच्या मागंमागं फिरत बडबडायची. बारापर्यंत तिचा निम्मा जीव खेळण्यातच संपायचा, मग ती वर्गात पेंगायची. तान्हा भाऊ दिवसाचा बहुतेक वेळ तुकड्या-तुकड्यांनी झोपायचा; त्याला कुणी आळशी म्हणत नसे. आजोबा चारला उठून बसायचे, खाकरायचे, तांब्या आपटायचे आणि सगळ्या घराला आपण उठल्याचं कळवायचे. ते दुपारी जेवून दोन तास घोरत आणि संध्याकाळी खुर्चीत बसल्या बसल्या मान टाकत, ते मात्र कुणी हिशेबात धरत नव्हतं. घरात आळशी एकच, मी. पंधरा वर्षांची.

मला रात्री झोपच येत नसे. दिवा घालवून सगळे घोरायला लागले तरी मी आढ्याकडं बघत पडलेली. अकरा-बारा वर्षांची असेपर्यंत जेवता जेवता ताटावर पेंगणारी मी. मग एक-दोन वर्षांत काय बिनसलं कळेना. आणि सकाळी आजोबा पांघरूण ओढायचे तेव्हा मला खोल विहिरीतून वर यावं लागायचं. "म्हातारा मानूस उठतोय की, आन् तुला काय झालंय गं," ते रोज म्हणायचे. आईनं एकदा डॉक्टरांकडं नेलं. त्यांनी डोळ्याची खालची पापणी ओढून बघितली, लोहाचं टॉनिक दिलं, जंताचं औषध दिलं आणि रात्री लवकर झोपवा म्हणून सांगितलं. जसं काही मी हौसेनं जागी राहत होते.

आता कुठलाही डॉक्टर सांगतो, की वयात येताना अंगातलं घड्याळच पुढं सरकतं. रात्र झाली असं शरीराला सांगणारा रस मोठ्या माणसांपेक्षा उशिरा पाझरायला लागतो, दिवसभराचा थकवा साचून झोप यायलाही जास्त वेळ लागतो. झोपेची गरज मात्र फारशी कमी होत नाही. पंधराव्या वर्षीही आठ-नऊ, कधी दहा तास लागतातच. पुढं विशीनंतर घड्याळ हळूहळू माघारी येतं, आणि म्हातारपणी इतकं अलीकडं येतं, की झोप हलकी, तुटक होते आणि पहाटेच संपते. म्हणजे आजोबा चारला उठत ते त्यांच्या शिस्तीनं नव्हे, वयानं. आणि मला जाग येत नव्हती तीही वयानंच. पण एकाचं वय गुण ठरलं आणि दुसरीचं वय अवगुण.

नववीत पहिला तास गणिताचा. बाई फळ्यावर समीकरण मांडायच्या आणि माझे डोळे उघडे असूनही आत काही शिरायचं नाही. बाईंनी खडू मारून बघितला, उभं करून बघितलं. मी उभ्या उभ्या पेंगले. तीच समीकरणं मी संध्याकाळी घरी, बहिणीच्या दंग्यात, भराभर सोडवायचे. मला गणित आवडायचं. मला सायन्सला जायचं होतं, आणि त्यासाठी दहावीपासून बीजगणित-भूमिती घ्यावी लागायची. ज्यांना झेपणार नाही त्यांना बाई सामान्य गणितात घालायच्या, आणि सामान्य गणितवाल्यांना सायन्सचं दार बंद.

सहामाहीला सकाळी आमचे वर्ग कुठल्याशा बाहेरच्या परीक्षेला दिले होते, म्हणून लहानांना सुट्टी देऊन आमचे पेपर दुपारी झाले. गणिताचा पेपर तीन वाजता. मी जेवून, चांगली जागी होऊन गेले. पेपर बघितला आणि हात थांबलाच नाही. वर्गात माझे मार्क सगळ्यांत जास्त आले.

बाईंनी पेपर वाटले, माझा ठेवून घेतला. सकाळी तोंडातून शब्द न फुटणारी मुलगी दुपारी पहिली येते म्हणजे तिनं कुणाचं तरी बघूनच लिहिलं, हे त्यांनी धरूनच ठेवलं होतं. शेजारच्या मुलीला माझ्या निम्मेही मार्क नव्हते, याकडं त्यांनी बघितलंच नाही. त्यांनी आजोबांना बोलावणं धाडलं आणि सांगितलं, पुन्हा पेपर घेते, माझ्यासमोर, एकटीचा. न्याय करायचा म्हणून घेते. कधी? दुसऱ्या दिवशी, सकाळी सातला.

त्या रात्री काळजीनं डोळ्याला डोळा लागला तो उशिरा. सकाळी मी बाईंच्या टेबलासमोर बसले तेव्हा पेन धरलेली बोटंसुद्धा माझी वाटत नव्हती. पहिलं उदाहरण मी तीनदा वाचलं. चिन्ह बदलायचं विसरले, खोडलं, पुन्हा विसरले. तास संपला तेव्हा निम्म्याहून जास्त कागद कोरा होता.

बाईंनी तो कागद माझ्यासोबत आलेल्या आजोबांपुढं धरला. त्या दुष्ट नव्हत्या. त्यांच्या चेहऱ्यावर खरंच वाईट वाटल्याचं दिसत होतं, आणि त्याचाच मला जास्त राग येतो. आजोबा मान हलवत म्हणाले, "तुमचं बराबर हाय बाई. पोरगी झोपाळू हाय. तिला झेपंल त्येच द्या."

मी तोवर मोठ्यांपुढं कधी तोंड उघडलं नव्हतं. त्या दिवशी उघडलं.

"दुपारी घ्या की पेपर," मी म्हणाले. "आजच घ्या. वाटलं तर दुसरा काढा, ह्याहून अवघड काढा. पण दुपारी घ्या."

"गणित वेळ बघून येत नसतं," बाई म्हणाल्या. "ज्याला येतं त्याला सकाळीही येतं."

आजोबांनी मला दंडाला धरून बाहेर नेलं. वाटेत ते एवढंच म्हणाले, की बाईंना उलट बोललीस हे काय चांगलं न्हाय झालं. घरी जाऊन ते जेवले आणि झोपले.

दहावीला माझं नाव सामान्य गणितात गेलं. त्या वर्गाला शिकवायला बाई उरायच्या त्या शेवटच्या तासाला, म्हणून आमचं गणित साडेअकराला असायचं. तोवर मी पूर्ण जागी झालेली असायचे. नफा-तोटा, सरळव्याज, खोल्यांना फरशी किती लागेल, सगळं माझ्या हातचा मळ होतं, आणि वर्षभर माझा एक मार्कसुद्धा गेला नाही. प्रगतिपुस्तक बघून आजोबा खूश झाले, आई खूश झाली. बाईंनी तर मला वर्गात उभं करून सगळ्यांना सांगितलं, "बघा, योग्य विषय मिळाला की मुलगी कशी चमकते." वर्गानं टाळ्या वाजवल्या.