झिजलेल्या तुकड्याचं माप

लिफ्टच्या मेकॅनिकला सगळे जपूनकाका म्हणत, आणि हे नाव त्यांनी स्वतःच कमावलेलं होतं. कुणी जिना उतरत असेल तर "जपून". कुणी कपात चहा ओतत असेल तर "जपून". बायको म्हणायची, लग्नानंतर हे माझ्याशी पहिल्यांदा बोलले तेच मुळी "जपून, पायरी आहे" असं. लोक हसायचे. काका हसायचे नाहीत. ज्या माणसाचं अर्धं आयुष्य लिफ्टच्या खड्ड्यात डोकावण्यात गेलं, त्याला जग जरा वेगळं दिसतं. बंद दरवाज्यापलीकडे जमीन असेल असं बाकीच्यांना वाटतं. काकांना पलीकडचा अंधार दिसायचा.

त्यात त्यांच्या गळ्यात पडलेली सगळ्यात जुनी लिफ्ट नेमकी लेकीच्या इमारतीत होती. लेक पाचव्या मजल्यावर. लिफ्ट बनवणारी कंपनी केव्हाच गाशा गुंडाळून गेली होती आणि सुटे भाग मिळणं म्हणजे नशिबाचा खेळ झाला होता. यावेळी प्रश्न होता शूचा. लिफ्टचा मजल्यावरचा दरवाजा वरच्या रुळाला लटकलेला असतो. खालून त्याला धरून ठेवतात ते फक्त प्लास्टिकचे छोटे तुकडे, उंबऱ्यातल्या खाचेत सरकणारे. त्यांनाच मेकॅनिक मंडळी शू म्हणतात. शू शाबूत असले तर दरवाजा भिंतीसारखा. शू गेले तर तोच दरवाजा पडदा.

आणि त्या दरवाज्याला रोज पाठ लावून उभी राहायची ती काकांची नात, चिमणी. जावयाचं ऑफिस जवळच होतं, दुपारी जेवायला घरी यायचा. त्याची वाट बघत ही बाई दरवाज्याला टेकून, टाचांनी पत्र्यावर ठेका धरून गाणी म्हणायची. काकांनी शंभरदा सांगितलं असेल, तिथे उभी राहू नको. चिमणी म्हणायची, "आजोबा, तुम्ही भित्रे आहात." हे तिला तिच्या आईनेच शिकवलंय, ते काकांना बरोबर ठाऊक होतं.

नवे शू बाजारात मिळेनात, तेव्हा कुणीतरी एका वर्कशॉपचा पत्ता दिला. तिथे प्लास्टिकचे भाग मशीनवर छापून देत. काका नमुना घेऊन गेले. एका लांबट खोलीत मशीनची रांग होती आणि प्रत्येकीचं बारीक टोक प्लास्टिकचा धागा वितळवून थरावर थर चढवत होतं. वर्कशॉपवाली मान वर न करता म्हणाली, "नमुना ठेवून जा. बाकीचं मेलवर पाठवा. तोंडी दर मी देत नाही, नंतर वाद होतात."

मेल लिहायचा म्हणजे लेकीकडे जाणं आलं. ती लॅपटॉप घेऊन बसली, काका सांगू लागले.

"लिही. सप्रेम नमस्कार, आपण सर्व कुशल असाल."

"बाबा, आपण दर विचारतोय. सोयरीक जुळवत नाहीये."

शेवटी मेल तयार झाला तो असा: लिफ्टच्या दरवाज्याचे शू, बत्तीस नग, दर कळवावा. मटेरियल नायलॉन, काळा रंग. लांबी साठ मिलिमीटर, जाडी सात पूर्णांक चार, खाचेत उतरणारं टोक चार लांब. सहा मिलिमीटरच्या स्क्रूसाठी दोन भोकं. मापात फरक शून्य पूर्णांक दोनपेक्षा जास्त नको. छापताना थर लांबीला धरून यावेत, नाहीतर तुकडा भोकापाशी उकलतो. आधी एकच नग करून द्यावा, तो बसला तर बाकीचे. दर, कर आणि मुदत वेगवेगळी लिहावी.

"बत्तीस कशाला? अठ्ठावीस लागतात म्हणालात ना?"

"चार जादाचे. हाताशी असलेले बरे."

लेक हसली. "आणि माप?"

"तीनदा घेतलंय व्हर्नियरने." त्यात काकांना अभिमान होता. नमुनाही त्यांनी विचार करून निवडला होता. सगळ्यात वरच्या मजल्यावर एकच बिऱ्हाड राहत होतं, तिथला दरवाजा सगळ्यात कमी उघडायचा. म्हणून तिथलाच शू काढला होता, अख्ख्या इमारतीतला सगळ्यात चांगला. तेवढे दिवस तो मजला त्यांनी फळी ठोकून बंद ठेवला आणि त्या बिऱ्हाडाच्या शिव्या खाल्ल्या. जपूनकाकांच्या कामात हयगय नव्हती.

उत्तर आलं तेव्हा काका गावाच्या दुसऱ्या टोकाला एका दवाखान्याच्या लिफ्टची तपासणी करत होते. मोबाईलवर मेल उघडला. सुरुवातीलाच एक प्रश्न होता: उंबऱ्यातल्या खाचेची रुंदी कळवा, खाच साफ करून, प्रत्येक मजल्यावर वेगळी मापा. जुन्या कामात ती सारखी नसते. प्रश्न रास्त होता. काकांना वर्कशॉपवालीचं कौतुकच वाटलं. त्यांनी लगेच लेकीच्या इमारतीतल्या वॉचमनला फोन लावला.

"सगळ्या मजल्यांच्या खाचा खरवडून काढ. इतक्या वर्षांची घाण बसलीय, पार तळ दिसला पाहिजे. मी दुपारी येतो मापायला."

"आत्ता करतो काका."

काका पुन्हा कामाला लागले. काम आटोपल्यावर, हात पुसत, त्यांनी मेलचा खालचा भाग वाचला. वाचायला घेतला तो दर बघण्यासाठी. दर खाली होताच, पण त्याच्या वर एक फोटो होता. त्यांनी दिलेला शू मोजपट्टीशेजारी ठेवलेला, त्यावर लाल खुणा. खाली लिहिलं होतं:

"नमुना दोन्ही बाजूंनी घासलेला आहे आणि खालचं टोक झिजून गोल झालंय. स्क्रूच्या भोकाभोवती मूळ जाडी शाबूत आहे, ती नऊच्या वर भरते. टोक मुळात किती लांब होतं ते सांगता येत नाही, पण चारपेक्षा नक्कीच जास्त. तुम्ही झिजलेल्या तुकड्याचं माप पाठवलंय. तसंच छापलं तर नवे तुकडेही झिजलेलेच येतील."

काकांचे कान गरम झाले. तीनदा माप घेतलं होतं, व्हर्नियरने, दशांशापर्यंत, आणि तिन्ही वेळा झिजलेल्याचं. जो तुकडा त्यांना धडधाकट वाटला तोच असा खंगलेला.

आणि मग त्यांनी फोटो पुन्हा बघितला. हा सगळ्यात चांगला होता. मग बाकीचे?

दर महिन्याला ते प्रत्येक दरवाजा तळाशी दाबून बघत. दरवाजा हलत नसे. म्हणून तर नवे शू मागवायची त्यांना घाई नव्हती. आता लक्षात आलं, दरवाजा घट्ट धरला होता तो शूने नव्हेच. खाचेत वर्षानुवर्षं साचून दगडासारखा झालेला कचरा दोन्ही बाजूंनी शूला आवळून बसला होता. त्या उरल्यासुरल्या टोकांना त्या घाणीनेच धरून ठेवलं होतं.

आणि ती घाण त्यांनी तासाभरापूर्वी खरवडून काढायला सांगितली होती. सगळ्या मजल्यांवरची. पार तळ दिसेपर्यंत.

वॉचमनला फोन लावला. घंटी वाजत राहिली. लेकीला लावला, तिनेही उचलला नाही. पुन्हा लावला, पुन्हा नाही. जावयाला लावला, तर तो म्हणाला, "बाबा, मीटिंगमध्ये अडकलोय, संपली की निघतोच जेवायला, घरी पोचलो की बोलू?" काकांना बोलताच येईना. "लिफ्टने जाऊ नको," एवढंच कसंबसं निघालं. पण जावई लिफ्टने जाणार की जिन्याने, हा प्रश्नच नव्हता. त्याची जेवायची वेळ झाली, म्हणजे चिमणी वाट बघत दाराबाहेर आली असणार.

स्कूटर कशी चालवली ते काकांना नंतर आठवलं नाही. एरवी पिवळ्या दिव्यालाच थांबणाऱ्या माणसाने आज दिवा कोणता होता ते बघितलंच नाही. सगळ्या आयुष्यात त्यांना हजार गोष्टींची भीती वाटली होती आणि त्यातली एकही खरी झाली नव्हती. आता मात्र भीतीला चेहरा होता, दोन वेण्या होत्या.

इमारतीत शिरताना तळमजल्यावर वॉचमन दिसला. हातात ब्रश, शेजारी बादली, चेहऱ्यावर समाधान. "काका, सगळ्या झाल्या बघा. चकाचक." काका त्याला ओलांडून जिन्याकडे धावले. तिसऱ्या मजल्यावर छातीत कळ आली. चौथ्यावर त्यांना गाणं ऐकू आलं, आणि गाण्याबरोबर पत्र्यावरचा ठेका. धप्, धप्, धप्.

जिन्याच्या वळणावरून ती दिसली. पाठ दरवाज्याला, टाचा मागे आपटत. आणि दर ठेक्याला दरवाज्याची खालची कड किंचित आत जात होती आणि परत येत होती. काळी फट उघडत होती, मिटत होती.

काकांनी तोंड उघडलं आणि तसंच मिटलं. ओरडलं तर ती दचकेल. दचकली तर मागेच रेटेल. धावत गेलं तर तिला खेळ वाटेल, ती हसत आणखी मागे सरकेल. काका पायरीवर बसले. खिशातून किल्ल्यांचा जुडगा काढला आणि तिच्याकडे न बघता एकेक किल्ली वाजवत राहिले, जणू काही हरवलंय.

गाणं थांबलं.

"आजोबा, काय शोधताय?"

"एक छोटी किल्ली होती गं. मला काही दिसेना. तुझे डोळे चांगले आहेत."

ती दरवाज्यापासून सुटली आणि पायऱ्या उतरून आली. काकांनी तिला इतकी घट्ट धरली की ती कुरकुरली. "दुखतंय आजोबा." तरी त्यांनी सोडलं नाही.

आवाज ऐकून लेक बाहेर आली. "बाबा? तुम्ही आत्ता? आणि फोन केला होतात का, मी अंघोळीला गेले होते." मग तिने बापाचा चेहरा बघितला.

काकांनी चिमणीला तिच्या कडेवर दिलं. वर जाऊन दरवाज्यासमोर गुडघे टेकले आणि तळाशी तळहात लावून हलकेच दाबलं. दरवाजा आत गेला. सहज गेला, हाताला काही लागलंच नाही. खालून खड्ड्यातली थंड, तेलकट हवा तोंडावर आली. त्यांनी हात काढला तेव्हा पत्रा लटकत मागे-पुढे झाला आणि थांबला.

लेक बघत होती. चिमणीचं डोकं तिने आपल्या खांद्यात दाबून धरलं होतं.

"बाबा, हे किती दिवसांपासून असं आहे?"

काकांना सांगता आलं असतं की दर महिन्याला मी तपासत होतो. ते खरंही होतं. पण गुडघ्यांवर बसलेल्या त्या माणसाला एकच उत्तर खरं वाटलं.

"माहीत नाही."

ती पोरीला घेऊन आत गेली आणि दार लावून घेतलं. आतून कडी लागल्याचा आवाज काकांना ऐकू आला. लेकीच्या घराला दिवसा कधी कडी लागत नसे.

काकांनी वॉचमनला हाक मारून लिफ्टचा वीजपुरवठा बंद करायला आणि फळ्या आणायला सांगितलं. मग दरवाज्यापासून हातभर अंतरावर, जिन्याकडे तोंड करून फरशीवर बसले, येणाऱ्या-जाणाऱ्याला अडवायला. लोक विचारत होते, लिफ्ट कधी सुरू होईल. काका सांगत होते, नवे शू येईपर्यंत नाही. कडीमागून चिमणीचा आवाज येत होता, आजोबा बाहेर का बसलेत, आत का येत नाहीत. काकांनी दार वाजवलं नाही.