शेकायचा पट्टा

आईच्या गुडघ्यांसाठी परदेशातल्या धाकटीने शेकायचा इलेक्ट्रिक पट्टा पाठवायचं ठरवलं, तेव्हा बाबा म्हणाले होते, "अगं, आपल्या कोपऱ्यावरच्या दुकानातही मिळतो." तिने त्यांचं बोलणंच तोडून टाकलं. "तिकडचा नको, बाबा. इथला म्हणजे इथला!"

आईच्या वाढदिवसाच्या तोंडावर तिने पट्टा कुरिअरने धाडला. खोक्यावर ‘भेटवस्तू’ लिहिलं की ड्युटी लागत नाही, अशी तिची ठाम समजूत. पण भेटवस्तूंवरची पाच हजारांपर्यंतची ती सूट केव्हाच बंद झाली होती. पार्सल कस्टम्समध्ये अडकलं. कुरिअरवाले बाबांकडे ओळखपत्र मागू लागले, वर ड्युटीही भरा म्हणाले. पोरीच्या भेटीसाठी म्हाताऱ्यालाच भुर्दंड! आणि वाढदिवस कोरडाच गेला.

शेवटी नाक मुठीत धरून तिने त्याच कोपऱ्यावरच्या दुकानदाराला फोन केला. पैसे ऑनलाइन पाठवते, आजच पट्टा घरी पोचवा म्हणाली.

"आणखी एक?" दुकानदार चकित होऊन बोलून गेला. "काकांनी वाढदिवसालाच नेला की! म्हणाले, पोरीला कळू देऊ नका, तिचं पार्सल आलं की हा माळ्यावर टाकतो."

तिने घरी फोन लावला. "आई, गुडघे कसे आहेत?"

"दुखतात गं थोडे. तुझा पट्टा येऊ दे, मग बघ कशी पळते!"

जन्मात खोटं न बोललेली आई, आज अडखळलीसुद्धा नाही.