मास्टरांनी आवळलेली पँट

माझे साडू शिंपी आहेत. सगळे त्यांना मास्टर म्हणतात. ढगळ कपडा दिसला की त्यांचे हात शिवशिवतात. एकदा डॉक्टरांनी त्यांना तपासायला टेबलावर झोपवलं, तर हे झोपल्या झोपल्या म्हणाले, "तुमच्या कोटाची उजवी बाही अर्धा इंच लांब आहे."

दुकान बंद ठेवून ते आयुष्यात पहिल्यांदाच डोंगरावर आले ते त्यांच्या बायकोच्या, म्हणजे माझ्या थोरल्या मेहुणीबाईंच्या हट्टापायी. वरचं गोठलेलं तळं दोघांनी मिळून बघायचं, एवढंच त्यांचं म्हणणं होतं.

पायथ्याच्या दुकानात आम्ही बर्फाचं सामान घेतलं. दुकानातल्या बाईंनी नेहमीच्या पँटवरून घालायची वॉटरप्रूफ पँट दाखवली आणि बुटापासून गुडघ्यापर्यंत बांधायचे गेटर चढवून दाखवले. पट्टा तळव्याखालून घ्यायचा, पुढचा हूक बुटाच्या लेसला अडकवायचा आणि बकल बाहेरच्या बाजूला ठेवायचं, म्हणजे चालताना दोन्ही पायांची बकलं एकमेकांत अडकत नाहीत.

"खोल बर्फात गेटर पँटच्या वरून," बाई म्हणाल्या. "नाहीतर बर्फ पायातून वर शिरतो."

मास्टरांचं लक्ष पँटच्या घेरावर होतं. "हिच्यात दोन माणसं मावतील."

"ती तशीच असते. गुडघा उचलता यायला हवा."

हॉटेलवर आल्याबरोबर मास्टरांनी सुईदोरा काढला. दोन्ही बाजू आत घेऊन त्यांनी पँट अशी बसवली की जणू सासऱ्यांनी लग्नात माप घेऊन शिवून दिली होती. मग ते बायकोच्या पँटकडे वळले. मेहुणीबाईंनी ती उशीखाली घेतली आणि त्या वर बसून राहिल्या.

दुसऱ्या दिवशी बर्फ मांडीपर्यंत होता आणि उन्हाने ओला झाला होता. मेहुणीबाई पाय उचलून टाकत होत्या. मास्टरांचा गुडघा वाकेना, म्हणून ते पाय फरफटत होते आणि दर चार पावलांना आडवे होत होते. अर्ध्या वाटेवरच्या झोपडीशी ते थांबले. गेटरमुळे पावलं कोरडी होती, पण मांड्यांवर ओल्या रेषा उमटल्या होत्या, अगदी टाक्यांच्या ओळीत.

आमच्याबरोबरच्या वाटाड्याने कापड चाचपलं. "सुईची भोकं पडली की वॉटरप्रूफ संपलं. आतून शिवणीवर पट्टी चिकटवलेली असते ती उगीच नाही. यांना पुढे नेणार नाही."

"उसवतो," मास्टर म्हणाले.

"भोकं उसवता येतात का हो?" मेहुणीबाई म्हणाल्या. त्यांनी वरच्या चढाकडे पाहिलं, मग नवऱ्याकडे. "चला खाली. उद्या येऊ. तुमच्याशिवाय बघायचं असतं तर भावाबरोबर आले असते."

सकाळी दुकानात मास्टरांनी सर्वांत ढगळ पँट घेतली. घेर चिमटीत धरायला हात कमरेकडे गेलाच.

"खिशात," मेहुणीबाई म्हणाल्या. हात खिशात गेला.

दुपारी आम्ही तळ्यापाशी पोहोचलो. दोघं काठावर शेजारी उभी राहिली. मी फोटोसाठी फोन काढला.

"कमरेपर्यंतच काढा," मास्टर म्हणाले.

"पायांपासून काढा," मेहुणीबाई म्हणाल्या.

मी पायांपासून काढला.